‘हाफ ॲडर’मधला ‘हाफ’ नेमका कशाचा?

प्रश्न : “हाफ ॲडर दोन बिटांची बेरीज पूर्ण करतो, मग त्याला ‘हाफ’ का म्हणायचे? आणि दोन हाफ ॲडर जोडून फुल ॲडर होतो, तर शेवटी ऑर गेट कशासाठी लागतो?”

बेरीज कमी पडत नाही, कमी पडतो तो हातचा. प्राथमिक शाळेत आपण उजवीकडून बेरीज करतो तेव्हा एकं स्थानी दोनच अंक मिळवायचे असतात, पण दहं स्थानापासून पुढे दोन अंक आणि मागून आलेला हातचा अशा तिघांची बेरीज करावी लागते. हाफ ॲडर हातचा देऊ शकतो, घेऊ शकत नाही. ‘कॅरी’साठी ‘हातचा’ हा शब्द मनात ठेवला, तर पुढची सगळी जोडणी सहज उलगडते.

दोन बिटांची बेरीज चारच प्रकारे होऊ शकते. 0 आणि 0 मिळून 0 होतात. 0 आणि 1 कोणत्याही क्रमाने घेतले तरी 1 होतो. आणि 1 व 1 मिळून दोन, म्हणजे बायनरीत 10 होतात, ज्यात 0 जागेवर लिहायचा आणि 1 हातचा न्यायचा. जागेवरचा अंक दोन्ही बिट वेगळे असतील तेव्हाच 1 असतो, आणि हे काम एक्स-ऑर गेटचे आहे. हातचा मात्र दोन्ही बिट 1 असतील तेव्हाच निघतो. हे काम अँड गेटचे. म्हणून A आणि B हे दोन बिट, S हा जागेवरचा अंक व C हा हातचा धरला, तर हाफ ॲडरची सूत्रे अशी होतात :

```
S = A ⊕ B
C = A · B
```

साधा ऑर गेट बेरजेच्या जागी चालत नाही, कारण 1 आणि 1 दिल्यावर तो 1 च देतो. आपल्या बोलण्यातला ‘किंवा’ कधी दोन्ही पर्यायांना वाव देतो, तर कधी दोहोंपैकी एकच घ्यायला सांगतो, आणि ते संदर्भावरून समजून घ्यावे लागते. गेटांना संदर्भ कळत नसल्यामुळे या दोन ‘किंवां’साठी ऑर आणि एक्स-ऑर असे दोन वेगळे गेट ठेवावे लागतात.

आता 3 + 3, म्हणजे 11 + 11 ही बेरीज करू. एकाच्या स्थानी 1 + 1 चे 0, हातचा 1. दोनाच्या स्थानी A = 1, B = 1 आणि आलेला हातचा Cin = 1. येथे पहिला हाफ ॲडर A आणि B मिळवून 0 देतो व 1 हातचा काढतो. दुसरा हाफ ॲडर त्या 0 मध्ये Cin मिळवतो, तेव्हा 1 येतो व हातचा 0 निघतो. जागेवर 1, पुढे हातचा 1; उत्तर 110, म्हणजे 6.

दोन हाफ ॲडरांमधून असे दोन हातचे बाहेर येतात, पण पुढच्या स्थानाला एकच तार न्यायची असते. दोहोंपैकी कोणीही हातचा काढला तरी तो पुढे पोहोचावा, म्हणून ऑर गेट; पुढे जाणारा हातचा Cout असून सूत्रातले + हे चिन्ह येथे बेरजेचे नव्हे, ऑरचे आहे :

```
Cout = A · B + Cin · (A ⊕ B)
```

हे दोन हातचे कधीच एकाच वेळी 1 नसतात, ही गोष्ट मला या मंडलातली सर्वांत सुंदर वाटते. पहिला हातचा 1 असेल तर A आणि B दोन्ही 1 असतात, म्हणून A ⊕ B शून्य होतो, आणि दुसऱ्या हाफ ॲडरला 0 मिळाल्यावर तो हातचा काढूच शकत नाही. त्यामुळे शेवटी ऑरऐवजी एक्स-ऑर लावला तरी उत्तर तेच येते. प्रयोगशाळेत याचा प्रत्यक्ष उपयोग होतो : 7486 मध्ये चार एक्स-ऑर गेट असतात आणि बेरजेसाठी त्यातले दोनच वापरले जातात, म्हणून तिसरा हातच्यासाठी घेतला की अँड गेटांची 7408 आणि 7486 एवढ्या दोनच आयसींवर फुल ॲडर उभा राहतो व ऑर गेटांची 7432 लागत नाही. परीक्षेत मात्र नेहमीची ऑर गेटची आकृतीच काढावी, आणि एक्स-ऑर वापरायचाच असेल तर त्याचे हे कारण सोबत लिहावे.

जोडणीत वारंवार होणारी चूक म्हणजे Cin मोकळा सोडणे. टीटीएल आयसीमध्ये मोकळे इनपुट सहसा 1 धरले जाते, त्यामुळे उत्तर दर वेळी एकाने जास्त येते : A आणि B दोन्ही 0 असूनही बेरजेचा एलईडी पेटतो, आणि एकच इनपुट 1 केले की बेरजेचा एलईडी विझून हातच्याचा पेटतो. असे दिसले तर गेट बदलण्याआधी Cin ची तार ग्राउंडला जोडून पाहावी. एकाच्या स्थानी मागून काही येत नसल्यामुळे तेथे फुल ॲडर वापरला, तर त्याचा Cin कायम ग्राउंडलाच जोडावा लागतो. किंवा मग त्या एका स्थानी हाफ ॲडर पुरेसा होतो.