सातव्या वर्षातला साखरपुडा

"मॅडम, अंकशास्त्राप्रमाणे माझं यंदा 7 चं वर्ष चालू आहे. या वर्षात ठरलेलं टिकत नाही म्हणतात, मला 2029 पर्यंत थांबायला सांगितलंय. मुलगा मला आवडलाय, घरी पसंती आहे. साखरपुडा करू की थांबू?"

हे विचारणारीला मी मीनल म्हणते. नाव आणि जन्मतारीख बदलली आहे, पण बेरीज तीच येईल अशी तारीख घेतली आहे, कारण या गोष्टीत बेरजेला काम आहे. असा निरोप घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलं-मुली आता सतत भेटतात. आकडा तेवढा वेगळा असतो.

पहिल्याच भेटीत मी तिला हिशोब माझ्यासमोर मांडायला सांगितला. मी कुणाला "हे थोतांड आहे" म्हणून उडवून लावत नाही. तसं केलं की माणूस मान हलवून निघून जातो आणि आकडा मनात तसाच राहतो. मीनलने कागद ओढला. जन्म 23 नोव्हेंबरचा. दोन आणि तीन पाच. महिना अकरावा, म्हणजे एक आणि एक दोन. पाच आणि दोन सात. त्यात चालू वर्ष मिळवायचं: 2025 ची बेरीज 9. सात आणि नऊ सोळा, सोळाचे पुन्हा सात. हा तिचा वर्षांक. दर वर्षी तो एकने पुढे सरकतो, 9 झाले की परत 1. प्रत्येकाला एक अर्थ चिकटवलेला असतो. 1 म्हणजे सुरुवात, 2 जोडी, 5 बदल, 6 घरसंसार, 7 एकांत, 9 शेवट. आपल्याकडे त्यावर ग्रहही बसवतात, त्यामुळे 6 शुक्राचा आणि 7 केतूचा. मीनलच्या आत्याने ज्यांना विचारलं, त्यांनी केतू वैराग्य देतो असं सांगितलं होतं. 2024 ला 6 होतं, ते हुकलं. आता 7, मग 8, 9, 1. 2029 ला 2 येईल, तेव्हा करा.

"तुला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं.

"मी इंजिनिअर आहे मॅडम, मला हे पटायला नको. पण 2018 ला माझं 9 होतं. आणि त्याच वर्षी आमचं तुटलं. चार वर्षांचं होतं."

इथे खरी गाठ होती. आकड्यावर माणसाचा विश्वास उगाच बसत नाही, एखादं वर्ष नेमकं जुळलेलं असतं. मग मी बाकीची वर्षं विचारली. 2015 ला तिचं 6 होतं, शुक्राचं. त्या वर्षी काय झालं? "आजी गेली. आणि मी पुण्यात होस्टेलला आले." म्हणजे घरसंसाराच्या वर्षात घर सुटलं होतं. 2020 ला 2 होतं, जोडीचं. ती हसायलाच लागली. "लॉकडाऊन! सहा महिने मी मांजरसुद्धा पाहिलं नाही." तिच्या एवढ्या वर्षांपैकी एकच जुळलं होतं, पण तेच दुखलं होतं, म्हणून तेवढंच लक्षात राहिलं.

मग मी तिच्यासमोर एक पेच ठेवला. वर्षांक 1 जानेवारीला बदलतो असं काही अंकशास्त्री मानतात, काही मानतात तो वाढदिवसाला बदलतो. आम्ही बोलत होतो तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. जानेवारीच्या हिशोबाने तिचं 7 चालू होतं. वाढदिवसाच्या हिशोबाने 22 नोव्हेंबरपर्यंत अजून 6 च होतं, म्हणजे दसऱ्याला साखरपुडा झाला असता तर उत्तम. तीच मुलगी, तोच दिवस, एका दुकानात वैराग्य आणि शेजारच्या दुकानात शुक्र. "यातलं खरं कुठलं?" ती म्हणाली. मी खांदे उडवले. ठरवायला कसोटीच नाही, दोन्ही बाजूंना आपापली जुळलेली उदाहरणं आहेत.

पुढच्या भेटीला तिने मुलाची तारीख आणली, 8 जून. आठ आणि सहा चौदा, चौदाचे पाच. त्यात 2025 चे 9 मिळवले की परत 5. "दोघांचं एकदम चांगलं वर्ष कधी येतं ते काढ," मी म्हटलं. तिने पुढची वर्षं दोन ओळींत लिहिली. 2026 ला त्याचं 6, तर तिचं 8. 2029 ला तिचं 2, तर त्याचं 9, म्हणजे शेवट! 2033 ला तिचं 6, तेव्हा त्याचं 4. ती लिहीत राहिली आणि मग पेन ठेवलं.

"हे कधी जुळणारच नाही. आमच्यात कायम दोनचा फरक राहणार."

बरोबर. चालू वर्षाची बेरीज दोघांच्या आकड्यात सारखीच मिळवली जाते, त्यामुळे दोघे एकाच वेगाने पुढे सरकतात. ज्या दोघांच्या दिवस-महिन्याची बेरीज सारखी नाही, ते 6 च्या वर्षात एकदम कधीच येत नाहीत. सगळीकडे सारख्या विखुरलेल्या तारखा धरल्या तर नऊपैकी आठ जोडप्यांचं असंच होईल. दोघांचं एकदम 6 येईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर आपल्या आईवडिलांपैकी बहुतेकांची लग्नं झालीच नसती. (हे मी मीनललाच घरी ताडून बघायला सांगितलं. तिच्या आईचं लग्नाच्या वर्षी 4 होतं आणि वडिलांचं 7. पुढच्या वेळी ती हे सांगत आली तेव्हा तिच्याइतकीच मीही खूश होते.)

गणित सुटलं की काही जण तिथेच उठतात. मी उठू देत नाही. विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणाऱ्या अल्बर्ट एलिसच्या वाटेने काम करणाऱ्या आम्हा लोकांना एक सवय असते. माणूस काय मानतो याइतकंच, ते मानल्यामुळे त्याला काय करावं लागत नाही, हेही बघायचं. म्हणून मी परत 2018 वर आले.

"तेव्हा तोडलं कुणी?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मी."

"का?"

"त्याच्यावर कर्ज होतं. पर्सनल लोन, आणि क्रेडिट कार्डांचंही. मला सांगितलंच नव्हतं. वसुलीवाल्यांचे फोन माझ्या नंबरवर यायला लागले तेव्हा कळलं. मी विचारलं तर म्हणाला, तुला काय करायचंय."

"म्हणजे 9 ने तोडलं नाही."

"नाही. मी तोडलं. आणि बरोबरच केलं."

माझ्या मते त्या सगळ्या भेटींत यासारखं महत्त्वाचं वाक्य दुसरं नव्हतं. इतकी वर्षं ती ही गोष्ट "माझं 9 होतं, म्हणून गेलं" अशी सांगत होती. या सांगण्यात तिचं दुःख हलकं होत होतं, पण तिचा निर्णयही पुसला जात होता आणि त्यातून ती जे शिकली तेही. खोटं बोलणाऱ्या माणसापासून स्वतःला वेळेत सोडवून घेणारी मुलगी त्या हिशोबात कुठेच दिसत नव्हती, फक्त ग्रहाने गाठलेली एक मुलगी दिसत होती. लोक वर्षांकाला भविष्य समजून घाबरतात. मला त्याचा जास्त त्रास मागच्या वर्षांच्या बाबतीत दिसतो, कारण तो माणसाची जुनी कारणं खाऊन टाकतो.

पुढचा प्रश्न आपोआप आला. "या मुलाचं काय?"

त्याने हिंजवडीजवळ फ्लॅट घेतला होता. हप्ता किती, किती वर्षं उरलीत, कर्जात आणखी कुणाचं नाव आहे, यातलं मीनलला काहीच माहीत नव्हतं. एकदा विषय निघाला तेव्हा तो "बघू नंतर" म्हणाला होता. तिच्या पोटात तेव्हाच खड्डा पडला होता. त्यानंतर चारच दिवसांनी तिने आत्याला स्वतःहून तारीख बघायला सांगितली होती! हा क्रम तिच्याच तोंडून बाहेर पडला आणि मग तीच थबकली. 7 च्या वर्षामुळे थांबायचं असेल तर कर्जाबद्दल विचारावं लागत नाही. कुणी दुखावत नाही आणि जुनं उत्तर पुन्हा ऐकण्याची वेळ येत नाही.

तिने विचारलं. त्याला राग येईल अशी तिची अटकळ होती, पण तो ओशाळला. कर्ज भावाच्या जोडीने घेतलं होतं आणि भावाने आपला वाटा देणं बंद केलं होतं. घरचं उणं बाहेर कसं सांगायचं, म्हणून तो गप्प होता. दोघांनी बँकेचे कागद समोर ठेवले, त्याच्या पगारातून हप्ता जाऊन उरतं किती ते पाहिलं, भावाशी बोलायची जबाबदारी त्याने घेतली. साखरपुडा दसऱ्यावरून पुढे गेला तो या बोलण्यासाठी. आत्याला मीनलने वर्षाऐवजी दिवस निवडायला दिला. आत्यांनी 24 नोव्हेंबर काढला, दोन आणि चार सहा, शुक्राचा. सोमवार होता, त्यामुळे हॉलही स्वस्तात मिळाला. आदल्या दिवशी तिचा वाढदिवस होऊन गेलेला, म्हणजे दोन्ही हिशोबांनी तेव्हा 7 चंच वर्ष होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा मी अशी वाटणी सुचवते. तारीख त्यांच्या समाधानाची, निर्णयाचं कारण तुमचं.

विभक्त होण्याच्या बाबतीत मात्र मी इतकी सैल नाही. 2025 ची स्वतःचीच बेरीज 9 असल्यामुळे "जुनं संपवायचं वर्ष" असे मेसेज फिरत होते, आणि एक गृहस्थ डिसेंबरच्या आत घटस्फोट उरकायचा म्हणून आले होते, 2026 ला सगळ्यांचं नवं 1 सुरू होणार म्हणून. त्यांना मी कायद्याचं वेळापत्रक दाखवलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे परस्परसंमतीने वेगळं व्हायचं तर अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर साधारणपणे सहा महिने थांबून दुसऱ्यांदा संमती द्यायची. हे सहा महिने योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, तसं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे, पण धरून चालता येत नाही. म्हणजे वेगळं राहायला लागल्यापासून हुकूम हातात येईपर्यंत दोन, कधी तीन वर्षांक उलटतात. त्यातलं "शेवटाचं वर्ष" कुठलं म्हणायचं, घर सोडलं ते, अर्ज केला ते, की निकाल लागला ते? त्या गृहस्थांनी अजून बायकोला काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांना आकड्याची घाई होती, कारण डिसेंबर गाठायचा म्हटलं की बोलायला वेळच उरत नाही.

उलट बाजूच्या बायकाही येतात. "माझं 6 चालू आहे, या वर्षात संसार मोडू नये म्हणतात," असं सांगतात आणि बाहीखालचा वळ झाकतात. तिथे मी बेरीज मांडायला कागद देत नाही. आधी रात्री जायला सुरक्षित घर कुठलं ते विचारते, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी नावाने ठेवायला सांगते, आणि आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे आजच पोचवायला लावते. वर्षांकाबद्दल बोलायचंच असेल तर ते त्यानंतरच्या भेटीत बोलतो. बहुतेकींना तेव्हा तो आठवतही नाही.