सीसी, बीसीसी आणि न दिसणारा पत्ता

प्रश्न: ई-मेल लिहिताना पत्त्याच्या ओळीखाली सीसी आणि बीसीसी असे दोन रकाने येतात. कुठेही पत्ता टाकला तरी मेल जातोच, मग या दोन्हींत फरक काय आणि कोणता कधी वापरायचा?

सीसी म्हणजे कार्बन कॉपी आणि बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी. टंकलेखन यंत्रावर दोन कागदांमध्ये कार्बन कागद घालून पत्राची प्रत काढत, तेव्हापासून ही नावे चालत आली आहेत. प्रत आणखी कोणाला पाठवली, याची नोंद पत्राच्या तळाशी केलेली असे. एखादी प्रत मूळ पत्र घेणाऱ्याच्या नकळत पाठवायची असेल, तर ती नोंद मूळ कागदावर न करता फक्त प्रतीवर टंकली जाई. ई-मेलने दोन्ही पद्धती उचलल्या आणि १९८२ सालच्या ई-मेलच्या प्रमाणकातही हे दोन्ही रकाने होते.

सीसीचे काम साधे आहे. 'टू' आणि सीसी या दोन्ही रकान्यांतील पत्ते सर्वांना दिसतात, मेल सर्वांना सारखाच पोहोचतो आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांत काहीही फरक नाही. फरक आहे तो केवळ संकेताचा. ज्याने काही करायचे आहे तो 'टू'मध्ये आणि ज्याला फक्त कळवून ठेवायचे आहे तो सीसीमध्ये, म्हणजे कार्यालयीन पत्रावर आपण 'प्रत माहितीसाठी' लिहितो तेच हे. त्यामुळे सीसीमधल्या माणसाकडून तुम्ही कामाची अपेक्षा धरली आणि त्याने ते केले नाही, तर मी त्याला दोष देणार नाही.

बीसीसी समजून घ्यायचे असेल, तर मेल पाठवताना पडद्यामागे काय होते ते एकदा पाहावे. तुमचा मेल-प्रोग्रॅम सर्व्हरला आधी प्रत्येक पत्ता स्वतंत्रपणे सांगतो आणि त्यानंतर मेलचा मजकूर देतो. पाकिटावरचे पत्ते वेगळे आणि आतल्या पत्रावर लिहिलेली नावे वेगळी, असे म्हणा. खालच्या उदाहरणात तिसरा पत्ता बीसीसीमध्ये टाकलेला आहे:

```
MAIL FROM:<me@example.com>
RCPT TO:<a@example.com>
RCPT TO:<b@example.org>
RCPT TO:<c@example.net>
DATA
From: me@example.com
To: a@example.com
Cc: b@example.org
Subject: Delivery date
```

पाकिटावर तीन पत्ते आहेत, आतल्या पत्रावर मात्र पाठवणाऱ्याखेरीज दोनच. `c@example.net` ला मेल मिळतो, पण त्याचा पत्ता इतरांच्या हाती पडणाऱ्या मजकुरात कुठेच उरत नाही. तो लपवून ठेवलेला नसतो, तर मुळात लिहिलेलाच नसतो, म्हणून मेल घेणाऱ्याने कितीही शोधले तरी तो सापडत नाही. तुमच्या स्वतःच्या 'सेंट' फोल्डरमधल्या प्रतीत मात्र तो सहसा दिसतो.

याच रचनेतून दोन परिणाम निघतात. पहिला असा की इतरांनी 'रिप्लाय ऑल' केले, तरी ती उत्तरे बीसीसीमधल्या माणसाला जात नाहीत, कारण उत्तराचे पत्ते आतल्या पत्रावरून घेतले जातात. दुसरा परिणाम अधिक घातक आहे. बीसीसीमधल्या माणसाला स्वतःला 'टू' आणि सीसीचे सगळे पत्ते दिसतात, तेव्हा त्यानेच 'रिप्लाय ऑल' दाबले, तर त्याचे उत्तर सर्वांकडे जाते आणि तो गुपचूप वाचत होता हे उघड होते.

हे मी स्वतः भोगलेले आहे. माल वेळेवर न देणाऱ्या एका पुरवठादाराला मी अतिशय सभ्य शब्दांत मुदतीची आठवण करून दिली आणि वरिष्ठांना बीसीसीमध्ये ठेवले. त्यांनी तो मेल फोनवर घाईत वाचला, आपण कोणत्या रकान्यात आहोत हे पाहिले नाही आणि 'रिप्लाय ऑल' करून लिहिले, "यांना आता एकही दिवस वाढवून देऊ नका, दुसरा पुरवठादार बघा." ते वाक्य त्या पुरवठादारानेही वाचले. पुढचे दोन आठवडे तो माझ्या प्रत्येक मेलला तुटक उत्तरे देत होता, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. तेव्हापासून एखाद्याला नकळत दाखवायचा मेल मी आधी नेहमीसारखा पाठवतो आणि मग 'सेंट'मधून त्या व्यक्तीला फॉरवर्ड करतो. फॉरवर्ड केलेल्या मेलवर तिने 'रिप्लाय ऑल' केले, तरी उत्तर फक्त माझ्याकडेच येते. एकाच खटक्याचे काम दोन खटक्यांत होते, एवढाच त्याचा तोटा. शिवाय फॉरवर्ड करताना वर एक ओळ लिहून 'हे फक्त तुमच्या माहितीसाठी' असे सांगता येते. बीसीसीत ती सोय नाही.

मग बीसीसी कशासाठी योग्य? जिथे मेल घेणारे एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्यांचे पत्ते एकमेकांना कळण्याचे काहीच कारण नाही, तिथे. समजा, एका जागेसाठी आलेल्या ४३ अर्जदारांना मुलाखतीची तारीख बदलल्याचे कळवायचे आहे. हे ४३ पत्ते सीसीमध्ये टाकले, तर आणखी कोणी कोणी अर्ज केला हे प्रत्येकाला कळेल, आणि त्यांत कोणाचा सहकारी निघाला तर त्याच्या नोकरीवरही बेतू शकते. त्यातच एकाने "मला सकाळची वेळ मिळेल का?" असे 'रिप्लाय ऑल'ने विचारले, तर ते बाकीच्या ४२ जणांकडे जाईल, आणि "कृपया सर्वांना उत्तर देऊ नका" हे सांगणारी माणसेही सर्वांनाच उत्तर देतील. अशा वेळी 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता घालावा आणि सर्व अर्जदार बीसीसीमध्ये ठेवावेत. मजकुराच्या सुरुवातीलाच 'हा मेल सर्व अर्जदारांना एकत्र पाठवला आहे' असे लिहावे, म्हणजे 'टू'मध्ये आपले नाव नाही हे पाहून कोणी गोंधळणार नाही.

पत्ते चुकून सीसीत गेलेच, तर ते परत घेता येत नाहीत. जीमेलमधले 'अनडू' हे मेल जास्तीत जास्त ३० सेकंद अडवून ठेवते, इतकेच. एकदा तो निघाला की घेणाऱ्याच्या खात्यातून काढून आणण्याची सोय त्यात नाही. म्हणून असा मेल लिहिताना मी पत्ते सर्वांत शेवटी भरतो. बीसीसीलाही एक मर्यादा आहे: पत्त्यांची संख्या शेकड्यांत गेली की असे मेल स्पॅममध्ये पडण्याची शक्यता वाढते, आणि तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र मेल पाठवणारी मेल-मर्ज ही सोय वापरणेच बरे.

बीसीसीचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो, आणि गंमत म्हणजे तो अगदी उघडपणे केला जातो. एखाद्याने दोन अनोळखी माणसांची मेलवर ओळख करून दिली की उत्तर देताना त्याला बीसीसीमध्ये सरकवायचे आणि पहिल्याच ओळीत तसे सांगायचे: "ओळख करून दिल्याबद्दल आभार, तुम्हाला आता बीसीसीमध्ये घेत आहे." आभार त्याच्यापर्यंत पोहोचतात, आणि त्यानंतर आपल्या दोघांत भेटीची वेळ ठरवणारे जे दहा मेल होतात, त्यांतला एकही त्याच्या इनबॉक्समध्ये जात नाही.