आजी सांगायचं विसरते का?

"आई, आजीला रेसिपी विचारली की ती प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं विसरते का गं? तिच्यासारखी चव आपल्याकडे येतच नाही."

प्रिय सई,

विसरत नाही गं. तुला एका मुलीची गोष्ट सांगते, मुक्ता म्हणू तिला.

लंडनला राहणाऱ्या मुक्तानं पुण्याच्या आजीला फोनवर विचारून विचारून पाककृतींचा तक्ता केला. आडव्या ओळीत पदार्थ, उभ्या रकान्यांत मुख्य जिन्नस, डाळ-दाणे, तिखट, गोड, आंबट, फोडणी. त्यातलं अळूचं फदफदं तिनं करून पाहिलं. अळूची पानं गुजराती दुकानातून आणली, देठ सोलून घेतले, हरभरा डाळ आणि दाणे भिजवले, बेसन लावून घोटलं, गूळ आणि गोडा मसालाही घातला. पहिल्याच घासाला सगळ्यांचा घसा खाजला. दुकानातला अळूच खाजरा असणार, असं घरात ठरलं.

मुक्ताला ते पटेना. तिनं तक्ता उघडून फक्त आंबटाचा रकाना वरून खाली वाचला. अळूवडीसमोर चिंचेचा कोळ होता, सुरणाच्या कापांसमोर आमसुलं होती. अळू आणि सुरण एकाच कुळातले. दोघांतही कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, म्हणून आपल्या बायका त्यांना आंबटाशिवाय हात लावत नाहीत. फदफद्यासमोरचा चौकोन मात्र रिकामा होता. गूळ होता आणि त्याच्या जोडीला आंबट काहीच नव्हतं! मला विचारशील तर तो एकटा गूळ हीच खरी खूण होती.

तिनं लगेच फोन लावला.

"आजी, फदफद्यात आंबट काय घालतेस?"

"अगं, चुका असतोच की त्यात."

"तू सांगितलाच नाहीस!"

"त्यात काय सांगायचं? अळू मागितला की भाजीवाली चुक्याची जुडी सोबत देतेच."

आजीच्या लेखी आंबट चुका हा वेगळा जिन्नस नव्हताच. अळू आणायचा म्हणजे चुका पिशवीत येणारच. लंडनच्या दुकानात अळू एकटाच मिळाला.

मग मुक्तानं तक्त्यात आणखी एक रकाना आखला, 'बाजारात सोबत काय येतं?' आजीला पुन्हा एकेक पदार्थ विचारला, तेव्हा कढीपत्ता आणि कोथिंबीरही कितीतरी ओळींतून निसटलेली सापडली.

आपल्याकडेही चुका मिळत नाही, तेव्हा तू लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घे. डाळ-दाणे मात्र वेगळ्या भांड्यात आधी मऊ शिजव, कारण आंबटात ते लवकर शिजत नाहीत. अळूही पूर्ण गळेपर्यंत शिजव, कच्चा राहिला तर नुसत्या चिंचेनं खाज जाणार नाही. मग सगळं एकत्र घोटून चिंच आणि गूळ घाल, आणि चांगली उकळी येऊ दे. चिरताना हाताला तेल लाव.

आजीला रविवारी फोन करशील तेव्हा आमटीचं विचार. काय काय घालतेस, एवढंच विचारू नकोस, पिशवीतून काय काय काढतेस तेही विचार.

तुझी,
आई