‘सबाह अल-खैर’ला काय उत्तर द्यायचं?

दुबईच्या ऑफिसात रोज सकाळी ‘सबाह अल-खैर’ ऐकतो. अर्थ काय? मी तेच परत म्हणतो, चालतं का?

‘सबाह’ म्हणजे सकाळ, ‘खैर’ म्हणजे भलं. शब्दशः ‘भल्याची सकाळ’. ‘आज तुझी खैर नाही’ म्हणतो, त्यातली खैर हीच. ठरलेलं उत्तर आहे ‘सबाह अन-नूर’, प्रकाशाची सकाळ. तेच परत म्हटलंत तर कुणी चूक काढणार नाही, पण ऐकायला जरा कोरडं वाटतं. समोरच्यानं दिलं त्यात थोडी भर घालून परत करायची, असा अरबी रिवाज आहे. कुराणातही (सूरा ४, आयत ८६) अभिवादनाला त्याहून चांगलं, निदान तेवढंच उत्तर द्या, असं सांगितलंय.

लिहिताना ‘अल-नूर’ असतं, पण ‘न’पुढे ‘ल’ विरतो, म्हणून म्हणायचं ‘अन-नूर’. ‘खैर’चा ख मात्र ‘खटारा’तला नव्हे, तो घशात घासून येतो.

इजिप्तची सहकारी मला ‘सबाह एल-फुल्ल’ म्हणाली. ही सलगी समजायची का?

नाही हो! फुल्ल म्हणजे मोगरा. इजिप्तमध्ये या अभिवादनाची गंमतच चालते. एकानं ‘सबाह एल-खेर’ म्हटलं की दुसरा ‘सबाह एल-फुल्ल’, मग पहिला ‘सबाह एल-वर्द’ म्हणजे गुलाबाची सकाळ, मग ‘यास्मिन’, आणि अगदीच रंगात आले तर ‘सबाह एल-इश्ता’, सायीची सकाळ. सूर खेळकर असतो, दुकानदार गिऱ्हाइकालाही असं म्हणतो. तुम्ही ‘सबाह एल-वर्द’ म्हणा, ती खूश होईल. मात्र उकार आखूड ठेवा आणि ‘ल्ल’वर जोर द्या. ‘फूल’ असं लांबवलंत तर ती वालासारख्या दाण्यांची सकाळ होते. शिजवलेलं फूल हा इजिप्तचा रोजचा नाश्ता आहे. नव्या ग्राहकाला किंवा वरिष्ठांना मेल करताना मोगरा नको, खैर आणि नूरच बरे.

साहेबांना आणि बाईंना वेगळं म्हणायचं का? मी मुसलमान नाही, तरी चालेल?

शब्द तेच राहतात. धर्माचाही प्रश्न नाही, अरब ख्रिश्चनही हेच म्हणतात.

रात्री जेवणानंतर यजमानांचा निरोप घेताना ‘मसा अल-खैर’ म्हणालो, सगळे हसले. का?

कारण ते आल्यावर म्हणायचं असतं. दुपार उलटली की सकाळच्या जागी ‘मसा’ येतो आणि उत्तर ‘मसा अन-नूर’. रात्री निघताना म्हणायचं ‘तिस्बह अला खैर’, म्हणजे भल्यात जाग येवो. इथे मात्र रूप बदलतं: बाईला ‘तिस्बही’, अनेकांना ‘तिस्बहू’. उत्तर येईल ‘व अंता मिन अहल अल-खैर’, तूही भल्यांपैकीच. संध्याकाळी पाचला ऑफिसातून निघताना हे म्हणू नका, तेव्हा ‘मअ अस्सलामा’ पुरतं.