स्पीकर लावण्याआधी बाळं कुठे बसणार ते विचार

नव्याने सिस्टीम लावतोयस, म्हणून सांगतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. 1 मीटरवर 110 असेल तर 2 मीटरवर 104, 4 वर 98, 8 वर 92 आणि 16 वर 86. म्हणजे पहिली रांग 4 मीटरवर ठेवलीस, तर तिथले पाहुणे तासन्‌तास 98 मध्ये बसतात. मोठ्यांसाठीसुद्धा एवढा आवाज अर्ध्या तासापलीकडे धोक्याचा. बंद हॉलमध्ये तर भिंती आवाज परतवतात, मागे सरकूनही तो फारसा उतरत नाही.

तान्ह्या बाळाची कानाची नळी लहान असते, त्यामुळे तीव्र स्वर तिथे आणखी जोरात पोहोचतात. बाळ शांत झोपलंय म्हणून त्रास नाही, असं अजिबात समजू नकोस. कापसाचे बोळे नकोत, ते आवाज फार अडवत नाहीत आणि बाळ तोंडात घालू शकतं. कानांवर घट्ट बसणारे लहान मुलांचे इअरमफ चालतात, पण तेही थोड्याच वेळासाठी.

बाळाच्या जागी उभा राहा. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज कमी कर किंवा आईला लांबच्या खोलीत जागा दे.