पेबॅक बघून मशीन निवडू नकोस

अरे, पेबॅक लवकर येतो, म्हणजे घातलेले पैसे लवकर वसूल होतात, म्हणून दोनपैकी पहिलं मशीन घेतोयस ना, थांब जरा. दोन्ही मशीन 10 लाखांची आणि व्याजदर 10 टक्के धरू. पहिलं दोन वर्षं 6-6 लाख देतं आणि संपतं, दुसरं सहा वर्षं 3-3 लाख. पेबॅक पहिल्याचा 1 वर्ष 8 महिने, दुसऱ्याचा 3 वर्षं 4 महिने, पण एनपीव्ही, म्हणजे येणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा मशीनची किंमत, काढलास तर पहिल्याचा जेमतेम 41 हजार आणि दुसऱ्याचा 3 लाख 7 हजार! कारण पैसे वसूल झाल्यावर पुढे काय येतं ते पेबॅक बघतच नाही.

डिस्काउंटेड पेबॅकमध्ये व्याज धरलं जातं, पण वसुलीनंतरचं तेही सोडून देतं, म्हणून तिथेही पहिलंच जिंकतं, साधारण 1 वर्ष 11 महिने विरुद्ध 4 वर्षं 3 महिने.

प्रॉफिटेबिलिटी इंडेक्स, म्हणजे येणाऱ्या पैशाची आजची किंमत भागिले मशीनची किंमत, इथे बरोबर सांगतो, 1.04 आणि 1.31. पण तिसरं 2 लाखांचं मशीन आलं, ज्याच्या येणाऱ्या पैशाची आजची किंमत 3 लाख, तर त्याचा इंडेक्स 1.5 आणि एनपीव्ही फक्त 1 लाख. एकच घ्यायचं असेल आणि 10 लाख हातात असतील तर दुसरंच घे. इंडेक्स खरा कामाचा कधी, तर पैसा कमी आणि प्रोजेक्ट बरेच असतात तेव्हा.