तेरा मिलिमीटरचं अस्तर

“मॅडम, ९ जूनच्या सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर ५ मिलिमीटर होतं, २८ जूनच्या रिपोर्टमध्ये १३ आलंय. सासूबाईंना डॉक्टर म्हणाले होते की ४ च्या वर गेलं तर तपासावं लागतं. मला कॅन्सर तर नाही ना?”

भांडुपहून आलेल्या या बाई ३६ वर्षांच्या. परळच्या दवाखान्यात माझ्यासमोर बसल्या तेव्हा दोन्ही रिपोर्ट त्यांनी घट्ट धरून ठेवले होते. मी आधी एवढंच विचारलं, “पाळी कधी आली होती?” त्या म्हणाल्या, ४ जूनला. दर २८ दिवसांनी येते, सहसा चुकत नाही. पहिल्या रिपोर्टवर ती तारीख छापलेली होती. दुसऱ्यावर तो रकाना रिकामाच. ती सोनोग्राफी उजव्या कुशीत दुखत होतं म्हणून, मुतखड्याच्या शंकेने, दुसऱ्याच सेंटरमध्ये झाली होती. तिथे पाळीचं कोणी विचारलंच नव्हतं.

टेबलावरचं कॅलेंडर त्यांच्याकडे फिरवलं आणि ४ जूनला ‘१’ लिहून पुढे मोजत गेले. ९ जून आला सहावा दिवस, २८ जून पंचविसावा. एकाच अस्तराच्या या दोन वेगळ्या वेळा होत्या.

पाळीत अस्तराचा वरचा थर गळून जातो, तळाचा पातळ थर तेवढा राहतो. म्हणून त्या दिवसांत सोनोग्राफीत साधारण १ ते ४ मिलिमीटर दिसतं. मग बीजकोशात स्त्रीबीजाची पिशवी वाढू लागते, तिच्यातून इस्ट्रोजेन येतं आणि अस्तर पुन्हा उभं राहतं. पाळीनंतर थोड्याच दिवसांत ५ ते ७, बीज फुटायच्या सुमारास ११ पर्यंत. तेव्हा पडद्यावर त्याच्या तीन रेघा वेगळ्या दिसतात. बीज फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन सुरू होतं. मग ग्रंथी वळणावळणाच्या होतात, त्यांत स्राव भरतो, अस्तर फुगतं आणि पडद्यावर एकसारखं पांढरट दिसतं. पाळीच्या आधीच्या या पंधरवड्यात ७ ते १६ मिलिमीटर नेहमीचं मानतात. यांच्या रिपोर्टमध्ये १३ च्या पुढे अस्तर एकसारखं असल्याचं लिहिलं होतं. पंचविसाव्या दिवशी असंच दिसायला हवं.

मोजतात कसं, हेही मी त्यांना हाताने दाखवलं. दोन तळवे एकमेकांवर ठेवले. गर्भाशयाच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीचं अस्तर असं एकमेकांना चिकटून असतं, आणि जिथे सर्वांत जाड असेल तिथे दोन्ही मिळून मोजतात. पोटावरून केलेल्या तपासणीत ते आतून केलेल्या तपासणीइतकं स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे दोन सेंटरच्या आकड्यांत मिलिमीटरभर फरक पडला तर मला त्याचं काही वाटत नाही.

मग सासूबाईंचा ४ चा आकडा. त्या ५८ वर्षांच्या, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, आणि अचानक अंगावरून जायला लागलं होतं. पाळी गेल्यावर अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन फारच कमी उरतं, म्हणून ते पातळच राहायला हवं. अशा बाईला रक्तस्राव झाला आणि अस्तर ४ किंवा त्याहून कमी असलं, तर कॅन्सरची शक्यता फार कमी. त्याहून जाड असेल तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात. रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत राहिला, तर आकडा कमी असला तरी तपासतात. ही मर्यादा पाळी गेलेल्या आणि रक्तस्राव होणाऱ्या बायकांसाठी आहे. सुनेच्या रिपोर्टला ती लावायचीच नाही. घरात एकीच्या तपासणीतला आकडा दुसरीच्या मनात घर करून बसतो, हे मी फार वेळा पाहते, आणि त्या भीतीत गेलेल्या रात्रींचं मला वाईट वाटतं.

“म्हणजे १३ कधीच वाईट नसतं?” त्यांनी विचारलं. असतं. पाळी तीन-तीन महिने येत नसेल, बीजच फुटत नसेल, तर प्रोजेस्टेरॉनचा भाग येतच नाही आणि नुसत्या इस्ट्रोजेनवर अस्तर वाढत राहतं. पीसीओएसमध्ये हे होतं. तिथे १३ पाहून डॉक्टर नक्की पुढचा विचार करतील. पाळीच्या मधेच रक्त दिसणं, सात-आठ दिवसांहून जास्त जाणं, गुठळ्या पडणं, किंवा अस्तरात एकाच जागी उंचवटा दिसणं, यांतलं काही असेल तर आकडा कितीही असो, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. उंचवट्याची शंका असेल तर पाळी संपल्या संपल्या पुन्हा सोनोग्राफी करतात, कारण पातळ अस्तरात पॉलिप लपत नाही. यांना यातलं काहीच नव्हतं.

पाळी २ जुलैला अपेक्षित होती. आठवडाभर उशीर झाला तर आधी घरी गर्भधारणेची चाचणी करा, असं मी सांगितलं. ३ तारखेला पाळी आली. पुढच्या आठवड्यात त्या आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दोन्ही रिपोर्ट दाखवून गेल्या. दुसऱ्या रिपोर्टवर रिकाम्या रकान्यात त्यांनी स्वतःच पेनने ‘४ जून’ लिहिलं होतं. डॉक्टरांनी नवी तपासणी सांगितली नाही.